रविवारचा रकाना राखाडी: वर्गयादीतून महिन्याचा हजेरीपट

2026 साली 1 फेब्रुवारीला रविवार होता आणि 1 मार्चलाही रविवारच होता. फेब्रुवारी नेमका चार आठवड्यांचा असल्यामुळे दोन्ही महिन्यांचे वार तारखेला तारीख जुळले. ज्या वर्गशिक्षकांनी फेब्रुवारीच्या हजेरीपटात रविवारचे रकाने एकेक निवडून हाताने राखाडी केले असतील, त्यांना मार्चमध्ये वरचे नाव बदलूनही पट जवळपास बरोबर दिसला असेल. एप्रिलमध्ये मात्र 1 तारीख बुधवारी आली. तोच पट पुन्हा वापरला असता तर 1, 8, 15 आणि 22 एप्रिल या चारही बुधवारी वर्गाला सुटी आहे असे कागद सांगत राहिला असता आणि खरे रविवार कोरे राहिले असते. तीस दिवसांचा महिना संपला की वार दोन घरे सरकतात, एकतीस दिवसांचा संपला की तीन. हाताने रंगवलेला रकाना काही सरकत नाही.

संगणकावर हजेरीपट करणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. विद्यार्थ्यांची यादी तयार असते. तिच्या पुढे 1 ते 31 आकडे टाकून, रेघा मारून, रविवार रंगवून पट छापला जातो. पुढच्या महिन्यात हे सगळे पुन्हा. खरे तर रंग कुठे पडावा हे तारखेला ठरवू द्यायचे असते. यादी एका पानावर, पट दुसऱ्या पानावर आणि बदलायचे फक्त दोन आकडे, वर्ष आणि महिना, अशी रचना एकदा केली की तीच फाइल वर्षभर चालते. ती कशी करायची ते एका वर्गाच्या उदाहरणाने पाहू. समजा सहावीचा वर्ग आहे, पटावर 42 मुले-मुली आहेत आणि महिना आहे ऑगस्ट 2026. खालची सूत्रे एक्सेलमध्ये चालतात. लिबरऑफिस कॅल्क आणि गुगल शीट्समध्येही ती बहुतांशी चालतात. जिथे फरक पडतो तिथे तो सांगतो.

आधी यादी

शाळेत यादी सहसा कुठून तरी आयती येते. कधी कार्यालयाकडून, कधी एखाद्या पोर्टलवरून उतरवलेली, कधी गेल्या वर्षीच्या वर्गशिक्षकांकडून. तिच्यात पंधरा-वीस रकाने असतात: जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांचा मोबाइल, प्रवर्ग, बँक खाते. यातले हजेरीपटाला तीनच लागतात: हजेरी क्रमांक, नाव आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक. मुले-मुलींची बेरीज वेगळी लिहायची असेल तर चौथा रकाना लिंगाचा, पण तोही यादीतच राहू द्यावा. हजेरीपट दिवसभर वर्गातल्या टेबलावर उघडा असतो, मुले तो कार्यालयात नेतात. मुलांचे आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल क्रमांक तिथे असण्याचे काहीच कारण नाही.

मराठी यादीत एक अडचण हमखास येते, ती फाँटची. यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ दिसते. अशा वेळी पुष्कळ जण सगळी नावे निवडून फाँट ‘मंगल’ करून पाहतात. त्याने काही होत नाही, कारण फाइलमध्ये मुळात देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. तो मजकूर फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो. आणल्यावर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्ह-ऱ्य असलेली आडनावे डोळ्यांनी तपासावीत. गोऱ्हे, कऱ्हाडकर, पर्वते, दुर्वे अशा नावांत परिवर्तक हटकून घोळ घालतो. 42 नावे वाचायला पाच मिनिटे लागतात, आणि पटावर मुलाचे नाव शुद्ध असणे हा त्या मुलाचा हक्क आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. वेबपानावरून उतरवलेल्या नावांच्या पुढे-मागे रिकाम्या जागा चिकटून येतात. त्यामुळे नावे अक्षरक्रमाने लावताना एखादा ‘पाटील’ सगळ्यांच्या वर जाऊन बसतो. नेहमीच्या जागा `TRIM` काढून टाकते, पण वेबपानांवरची न तुटणारी जागा तिला ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही एकदम:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))
```

हे सूत्र शेजारच्या रिकाम्या रकान्यात भरून, आलेली नावे कॉपी करून मूळ जागी `Paste Special` मधून `Values` म्हणून चिकटवायची. मग नावे क्रमाने लावायची. इथे एक धोका आहे. फक्त नावांचा रकाना निवडून सॉर्ट केले की एक्सेल विचारतो, निवड वाढवू का? तिथे `Continue with the current selection` निवडले तर नावे हलतात आणि जनरल रजिस्टरचे क्रमांक जागीच राहतात. यादी दिसायला नीटनेटकी, पण प्रत्येक क्रमांक भलत्याच मुलाचा. सॉर्ट झाल्यावर वरचे, मधले आणि खालचे असे तीन विद्यार्थी मूळ नोंदीशी पडताळून पाहिले की हे लगेच कळते. हजेरी क्रमांक मात्र सॉर्ट पूर्ण झाल्यावरच घालावेत.

या पानाला ‘यादी’ असे नाव द्यायचे. पहिल्या ओळीत मथळे, दुसऱ्या ओळीपासून विद्यार्थी. A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये जनरल रजिस्टर क्रमांक.

तारखा स्वतः येऊ द्या

आता त्याच फाइलमध्ये ‘हजेरी’ नावाचे नवे पान घ्यायचे. `C1` मध्ये 2026 आणि `C2` मध्ये 8 लिहायचे. वर्ष आणि महिना वेगळे लिहिण्यामागे कारण आहे. एकाच सेलमध्ये 1/8/2026 असे टाइप केले आणि संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी असली, तर तो ते 8 जानेवारी समजतो. शाळांतल्या कितीतरी संगणकांवर मांडणी तशीच राहून गेलेली असते. दोन साधे आकडे लिहिले तर ही शक्यताच उरत नाही.

चौथ्या ओळीत तारखा. `D4` मध्ये महिन्याची पहिली तारीख:

```
=DATE($C$1,$C$2,1)
```

आणि `E4` मध्ये पुढची:

```
=IF(D4="","",IF(MONTH(D4+1)=$C$2,D4+1,""))
```

हे दुसरे सूत्र `AH4` पर्यंत ओढायचे. D पासून AH पर्यंत बरोबर एकतीस रकाने होतात. सूत्र काय करते? कालच्या तारखेत एक दिवस मिळवते आणि महिना तोच आहे ना, हे पाहते. महिना बदलला तर सेल कोरा ठेवते, आणि एकदा कोरा झाला की पुढचेही कोरेच. त्यामुळे सप्टेंबरमध्ये 31 वा रकाना रिकामा राहतो आणि फेब्रुवारीत शेवटचे तीन. नुसते 1 ते 31 आकडे टाइप केले असते तर 31 सप्टेंबरलाही कुणीतरी हजर लागले असते.

सूत्र भरल्यावर सेलमध्ये 46235 असा आकडा किंवा `####` दिसले तर घाबरू नये. संगणक प्रत्येक तारीख दिवसांच्या मोजणीने साठवतो, आणि 1 ऑगस्ट 2026 चा आकडा 46235 आहे. पूर्ण तारीख अरुंद रकान्यात मावत नाही म्हणून जाळी दिसते. ओळ निवडून `Format Cells`, मग `Custom`, आणि तिथे फक्त `d` लिहिले की 1, 2, 3 असे दिवस दिसतात. आत मात्र पूर्ण तारीख शाबूत राहते. ती राहायलाच हवी, कारण वार तिच्यावरूनच निघणार आहे.

पाचव्या ओळीत वार. `D5` मध्ये हे लिहून `AH5` पर्यंत ओढायचे:

```
=IF(D4="","",CHOOSE(WEEKDAY(D4,2),"सो","मं","बु","गु","शु","श","र"))
```

`WEEKDAY` च्या कंसातला 2 विसरू नये. तो असेल तर सोमवार पहिला धरला जातो आणि रविवार सातवा. तो गाळला तर मोजणी रविवारपासून होते आणि सगळे वार एक घर मागे पडतात. पडताळा सोपा आहे. 1 ऑगस्ट 2026 ला शनिवार आहे, म्हणजे पहिल्या तारखेखाली ‘श’ आणि दुसरीखाली ‘र’ यायला हवा. भिंतीवरच्या कॅलेंडरशी एकदा जुळवून घ्यावे.

छटा: शनिवारचा विचार वेगळा

शनिवार-रविवार सरसकट एकाच रंगात बुडवण्याची सवय पाच दिवसांच्या आठवड्याच्या कार्यालयांतून आली आहे. आपल्याकडच्या असंख्य प्राथमिक शाळांत शनिवारी सकाळची शाळा भरते, हजेरी लागते. अशा शाळेच्या पटात शनिवार गडद केला तर घाईत असलेला शिक्षक तो रकाना ओलांडून पुढे जातो आणि महिनाअखेरीस चार-पाच दिवसांची हजेरी कोरी सापडते. माझे मत असे की शनिवारी शाळा असेल तर त्याला अगदी फिकी छटा द्यावी. आठवड्याची हद्द नजरेला कळते आणि पेनाची खूणही स्पष्ट उमटते. गडद छटा रविवारी आणि सुटीच्या दिवशीच. ज्यांच्याकडे शनिवारी पूर्ण सुटी असते त्यांनी दोन्ही गडद करावेत. काही शाळांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते. त्यांनी ‘र’ च्या जागी ‘शु’ लिहावा, छटेत बाकी काही बदलत नाही.

कृती अशी. विद्यार्थ्यांच्या ओळी सहाव्या ओळीपासून सुरू होतात. 42 मुले आणि नव्या प्रवेशांसाठी चार कोऱ्या ओळी, म्हणजे 51 व्या ओळीपर्यंत. खाली रोजच्या बेरजेच्या तीन ओळी: मुले, मुली, एकूण. `D4` पासून `AH54` पर्यंतचा भाग `D4` पासून सुरुवात करून निवडायचा. मग `Conditional Formatting`, `New Rule`, `Use a formula to determine which cells to format`. सूत्र एवढेच:

```
=D$5="र"
```

`Format` मध्ये जाऊन `Fill` मधून राखाडी निवडायचा. शनिवारसाठी असाच दुसरा नियम, ‘श’ लिहून, फिक्या राखाडीत.

सगळे गणित त्या एका डॉलरच्या चिन्हात आहे. ते 5 च्या आधी आहे, D च्या आधी नाही. याचा अर्थ, प्रत्येक सेलने आपल्या स्वतःच्या रकान्यात, पण कायम पाचव्याच ओळीत पाहावे. चिन्ह चुकले की चूक कशी दिसते ते लक्षात ठेवले तर दुरुस्ती सोपी जाते. `$D$5` लिहिले तर प्रत्येक सेल फक्त पहिल्या तारखेचा वार पाहतो. मग ऑगस्टमध्ये शनिवारचा नियम सगळा पट रंगवून टाकतो आणि रविवारचा नियम काहीच करत नाही. डॉलर अजिबात न देता `D5` लिहिले तर फक्त तारखेचा आकडा रंगतो आणि खालचा रकाना पांढराच राहतो, कारण प्रत्येक सेल आपल्या खालच्या सेलमध्ये वार शोधतो आणि तिथे तो नसतो. सगळा पट रंगला किंवा फक्त डोके रंगले, तर सूत्रातला डॉलर पाहायचा.

सणांच्या सुट्यांसाठी ‘सुट्या’ नावाचे तिसरे पान. त्याच्या A रकान्यात दुसऱ्या ओळीपासून वर्षभराच्या सुट्यांच्या तारखा, B मध्ये निमित्त. पटावर तिसरा नियम:

```
=COUNTIF('सुट्या'!$A$2:$A$60,D$4)>0
```

गुगल शीट्समध्ये दुसऱ्या पानाचा असा थेट उल्लेख या नियमात चालत नाही. तिथे तो भाग `INDIRECT("सुट्या!$A$2:$A$60")` असा लिहावा लागतो. शेवटचा नियम `=D$4=""`, म्हणजे महिन्यात नसलेल्या दिवसांचे रकानेही गडद होतात आणि तिथे कुणी खूण करत नाही.

नियमांचा क्रमही महत्त्वाचा आहे, आणि ऑगस्ट 2026 मध्ये तो लगेच कळतो. 15 ऑगस्ट शनिवारी येतो. शनिवारचा फिका नियम वर असेल तर स्वातंत्र्यदिन साध्या शनिवारसारखा दिसेल. `Manage Rules` उघडून सुटीचा नियम बाणाने सर्वांत वर न्यायचा. दोन नियम एकाच सेलवर आले तर वरचा चालतो. झेंडावंदनाच्या दिवशी हजेरी घ्यायची शाळेची पद्धत असेल तर ती तारीख सुट्यांच्या पानावर लिहूच नये.

नावे पटावर आणताना

`A6` मध्ये हे सूत्र, मग B आणि C मध्ये, आणि खाली 51 पर्यंत:

```
=IF('यादी'!A2="","",'यादी'!A2)
```

`IF` नसेल तर कोऱ्या ओळींत शून्ये दिसतात. आता यादीत 43 वे नाव तळाशी लिहिले की ते पटावर 48 व्या ओळीत आपोआप येते. पण हा दुवा जितका सोयीचा तितकाच सांभाळण्याचा आहे, आणि माझ्या मते साऱ्या कामातला सगळ्यात जोखमीचा भाग हाच.

यादीत मध्येच ओळ घालून नवे नाव लिहिले तर ते पटावर येतच नाही. सूत्रे जुन्या मुलांना धरून एक ओळ खाली सरकतात आणि नवी ओळ कुणीच वाचत नाही. एक मूल कसलाही इशारा न देता पटावरून गायब. यादीतली ओळ काढून टाकली तर पटावर `#REF!` दिसते. ही चूक निदान दिसते तरी. सगळ्यात वाईट तिसरी. जे शिक्षक हजेरी पडद्यावरच भरतात, त्यांनी महिन्याच्या मध्यात यादी पुन्हा सॉर्ट केली तर नावे जागा बदलतात आणि खुणा जिथल्या तिथे राहतात. एका मुलाची गैरहजेरी दुसऱ्याच्या नावावर जाते. पट पाहून हे कुणाच्याही लक्षात येणार नाही.

म्हणून शाळांची जुनी रीतच इथे कामाला येते. नवा प्रवेश नेहमी तळाशी, पुढच्या क्रमांकावर. शाळा सोडून गेलेल्याचे नाव खोडायचे नाही, पुढे तारखेसह ‘नाव कमी’ असा शेरा लिहायचा आणि क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. हजेरी पडद्यावर भरायची असेल तर 1 तारखेलाच पटाच्या पानाची प्रत काढून तिथली नावे `Paste Special` ने `Values` करून टाकावीत. त्या महिन्याचा पट मग यादीपासून सुटा होतो.

कागदावर

पडद्यावर सुंदर दिसणारा पट प्रिंटरमधून निघाला की डाळिंबाच्या दाण्याएवढ्या चौकटी हाती येतात, याचे कारण मापे आधी धरलेली नसतात. A4 आडवा धरला तर रुंदी 297 मिलिमीटर. डावीकडे फाइलसाठी 20 आणि उजवीकडे 8 सोडले तर 269 उरतात. हजेरी क्रमांकाला 9, नावाला 55, जनरल रजिस्टरला 14 आणि शेवटी हजर व गैरहजर यांच्या बेरजेला 11-11, असे 100 गेले. उरलेल्या 169 मध्ये एकतीस रकाने बसवायचे, म्हणजे प्रत्येकी साधारण 5.4 मिलिमीटर. एक खूण करायला हे पुरते, दोन सत्रांच्या दोन खुणांना अडचणीचे होते. त्यासाठी लीगल कागद घ्यावा. तो आडवा धरला की 356 मिलिमीटर मिळतात आणि त्याच हिशेबाने रकाना सात मिलिमीटरच्या पुढे जातो.

एक्सेलमध्ये रकान्याची रुंदी एरवी अक्षरांत मोजली जाते, पण `View` मधून `Page Layout` निवडले की ती सेंटिमीटरमध्ये लिहिता येते. ओळीची उंची 16 पॉइंट ठेवली तर ती सुमारे 5.6 मिलिमीटर होते, आणि अशा 23 ओळी, वरचा मथळा, तारखा-वार, तळाच्या बेरजा आणि सह्यांची जागा एका A4 पानात बसतात. आपल्या 46 ओळी म्हणजे बरोबर दोन पाने. 28 व्या ओळीनंतर `Page Break` घालायचा. तिसऱ्या ओळीत शाळा, इयत्ता, तुकडी आणि महिन्याचे नाव लिहून `Print Titles` मध्ये `$3:$5` दिले की दुसऱ्या पानावरही तारखा आणि वार छापले जातात. हे राहिले तर दुसऱ्या पानावरच्या मुलांची हजेरी अंदाजाने भरावी लागते. `Print Area` मध्ये `A3:AJ54` द्यायचे. वर्ष-महिन्याचे दोन सेल छपाईत नकोत.

`Fit to` वापरून सगळे एका पानात कोंबण्याचा मोह होतो. 60 टक्क्यांवर आणले की 6 मिलिमीटरचा चौकोन 3.6 चा होतो, आणि शिवाय `Fit to` चालू असताना एक्सेल आपण घातलेला `Page Break` मानत नाही. मापे बरोबर धरली असतील तर 100 टक्क्यांवरच छापावे.

छटा पडद्यावर दिसते पण कागदावर उमटत नाही, ही नेहमीची तक्रार. `Page Setup` मधल्या `Sheet` या भागात `Black and white` वर खूण असेल तर ती काढावी. ती असताना एक्सेल सेलचा भरलेला रंग छापतच नाही. रंगाऐवजी राखाडीच घ्यावा, कारण लाल किंवा निळा रंग काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर कधी काळपट होतो तर कधी पुसट. रविवारला `White, Background 1, Darker 25%` आणि शनिवारला `Darker 5%` ही मला योग्य वाटलेली जोडी. पटाची झेरॉक्स काढायची असेल तर आधी एक पान काढून पाहावे, कारण झेरॉक्समध्ये फिकी छटा उडते आणि गडद छटेवर ठिपके येतात. तसे झाले तर फिकी एक पायरी गडद करावी.

छापण्याआधी आणखी एक चाचणी. वर्ष 2027 आणि महिना 2 लिहून पाहा. फेब्रुवारी 2027 सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. 7, 14, 21 आणि 28 हे रकाने गडद दिसले आणि त्यापुढचे तीनही रिकामे गडद झाले, तर सूत्रे आणि नियम जागेवर आहेत. मग 2028 करा. 29 वा रकाना उघडायला हवा आणि त्याखाली ‘मं’ दिसायला हवा.

कामाचे दिवस

पटावरच्या बेरजेचे रकाने पेनाने भरायचे असतील तर तिथे सूत्र ठेवू नये, सगळीकडे शून्ये छापली जातात. पडद्यावर भरणाऱ्यांना `AI6` मध्ये `=COUNTIF(D6:AH6,"ह")` पुरते. पण महिन्याचे कामाचे दिवस मात्र दोघांनीही संगणकाकडून काढून मथळ्यात छापावेत, कारण सरासरी उपस्थिती त्यांवरच ठरते:

```
=NETWORKDAYS.INTL(D4,EOMONTH(D4,0),11,'सुट्या'!$A$2:$A$60)
```

यातला 11 म्हणजे फक्त रविवार सुटी. शनिवार-रविवार दोन्ही सुटी असेल तर तिथे 1 लिहायचा. ऑगस्ट 2026 मध्ये पाच रविवार आहेत, म्हणून 26 दिवस उरतात. सुट्यांच्या पानावर त्या महिन्याचा फक्त 15 ऑगस्ट असेल तर 25. पाच दिवसांच्या शाळेत मात्र उत्तर 21 येते, आणि 15 ऑगस्ट लिहिला तरी 21 च राहते, कारण तो शनिवार आधीच वजा झालेला आहे. पटावरचे पांढरे आणि फिके रकाने बोटाने मोजावेत. ती संख्या आणि सूत्राचे उत्तर जुळले नाही तर सुट्यांच्या पानावर एखादी तारीख मजकूर म्हणून टाइप झाली आहे असे समजावे. सेलची मांडणी बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे सरकून बसते, मजकूर डावीकडे.

मुख्याध्यापकांना एक विनंती. सुट्यांची यादी जूनमध्ये परिपत्रकाच्या परिच्छेदात न देता तारखांच्या एका रकान्यात द्या, आणि स्थानिक सुटी जाहीर झाली की त्याच यादीत भर घालून सगळ्या वर्गशिक्षकांना ती पुन्हा पाठवा. प्रत्येकाने वेगवेगळी यादी टाइप केली की एकाच शाळेत सहावी ‘अ’ चे कामाचे दिवस 24 आणि सहावी ‘ब’ चे 25 निघतात, आणि तपासणीच्या दिवशी त्याचे उत्तर कुणाकडेच नसते.